तिला पटेल अशी पहिली ओळ

माझ्या टेबलाच्या वरच्या ड्रॉवरमध्ये चार घड्या घातलेला एक कागद असतो. मधल्या घडीवर तो फाटत आला म्हणून मागून चिकटपट्टी लावली आहे. वर कोपऱ्यात 'चौथा' असं लिहिलंय. चौथा म्हणजे चौथा खर्डा. हा कागद मी मलाच लिहिला आहे, बऱ्या दिवशी, वाईट दिवशी वाचण्यासाठी. आधीचे तीन कुचकामी निघाले, आणि ते का निघाले हे कळायला जवळजवळ दोन वर्षं गेली.

वाईट दिवस म्हणजे कोणता ते आधी सांगते, कारण हा शब्द फार सैल वापरला जातो. कामावर बोलणी बसली, कुणाशी वाजलं, असले दिवस मी त्यात धरत नाही. ते संध्याकाळपर्यंत ओसरतात. मी म्हणते तो दिवस एकटा येत नाही. आधी तीन-चार रात्री झोप पहाटे साडेतीनला तुटते. मग मेसेजना उत्तरं द्यायची राहतात. मग आंघोळीला उठणं हेसुद्धा काम वाटायला लागतं. आणि एका सकाळी डोक्यात एक वाक्य ठाण मांडून बसलेलं असतं: हे असंच होतं आणि असंच राहणार. ते वाक्य मत आहे असं वाटतच नाही. बाहेर उजाडलंय, इतकी साधी गोष्ट वाटते ती.

पहिलं पत्र मी अशा एका दौऱ्यातून बाहेर पडल्यावर महिनाभरानं लिहिलं. छान झोप झाली होती, खिडकी उघडी होती, आणि मी स्वतःवर खूश होते. चांगली दोन पानं भरली. 'तू खंबीर आहेस. याआधीही तू खूप काही पार केलं आहेस. हेही दिवस जातील. तू एकटी नाहीस. स्वतःची काळजी घे.' शेवटी सही वगैरे. वाचून माझेच डोळे भरून आले. तिथेच खरं तर ओळखायला हवं होतं. वाचणारीच्या आधी लिहिणारीचेच डोळे भरून येतात, तेव्हा पत्र बहुतेक लिहिणारीसाठीच लिहिलेलं असतं.

चार महिन्यांनी ते वाचायची वेळ आली. रात्रीचे अडीच वाजले होते. सहाव्या ओळीपर्यंत पोचले आणि मला राग आला. साधा राग नाही. कुणीतरी परकी, नीटनेटकी, पोटभर झोपलेली बाई दारात उभी राहून मला उपदेश करतेय असा. पत्र वहीत कोंबलं आणि वही कपाटात टाकली.

त्या पत्राचं पुढे मी जे केलं ते मात्र कामाचं ठरलं. बरी झाल्यावर फेकून द्यायच्या आधी पेन्सिल घेतली, आणि त्या रात्री प्रत्येक वाक्याला मनात जे उलट उत्तर उमटलं होतं ते समासात लिहून काढलं. आठवतील तेवढी, जशीच्या तशी, शिव्यांसकट. 'तू खूप काही पार केलं आहेस' यापुढे: 'काय काय? एक तरी सांग.' 'हेही दिवस जातील' यापुढे: 'कधी?' 'तू एकटी नाहीस' यापुढे: 'अडीच वाजलेत. कुणाला उठवू?' 'स्वतःची काळजी घे' यापुढे: 'म्हणजे नेमकं काय करू, बोल ना.' आणि 'तू खंबीर आहेस' यापुढे फक्त: 'हॅ!'

समास वाचताना माझ्या लक्षात आलं, की ती रागावलेली बाई अजिबात मूर्खपणाचं बोलत नव्हती. तिचे प्रश्न रास्त होते. बऱ्या दिवशीच्या बाईकडे त्यांची उत्तरं नव्हती, म्हणून तिनं सुविचार लिहिले होते.

या प्रकाराला अभ्यासकांनी नाव दिलेलं आहे. जॉर्ज लोवेनस्टाइन या अर्थशास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की भूक, वेदना, भीती, संताप अशा तापलेल्या अवस्थेत आपण कसे वागू याचा अंदाज थंड डोक्यानं करताना माणूस हमखास चुकतो. उलट्या बाजूनंही तेच: तापलेल्या माणसाला आपण पुन्हा थंड होऊ हे खरं वाटत नाही. पोट भरलेलं असताना भूक नीट आठवत नाही, तसंच हे. आपल्याला हे स्वतःच्या बाबतीत कळत नाही, कारण दोन्ही वेळा 'मी'च असते. म्हणून अशी चिठ्ठी लिहिण्याचा सगळ्यात वाईट मुहूर्त म्हणजे अगदी मजेत असलेला दिवस. माझा अनुभव असा, की दौरा ओसरल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी लिहावं. तोवर हात चालायला लागलेला असतो आणि अंगातून ते पुरतं गेलेलंही नसतं. महिना उलटला की आपण समोरच्या काठावरून हाका मारायला लागतो.

आता त्या 'काय काय? एक तरी सांग' बद्दल. हा मला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो. मार्क विल्यम्स या मानसशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये एक निरीक्षण मांडलं, आणि ते पुढे नैराश्यातल्या माणसांबाबत अनेकांना दिसत राहिलं. एक शब्द देऊन 'यावरून एखादा प्रसंग आठवा' असं सांगितलं, की ही माणसं एक विशिष्ट प्रसंग सांगण्याऐवजी ढोबळ काहीतरी सांगतात. 'आनंद' म्हटलं तर 'मी फिरायला जायचे तेव्हा' इथेच आठवण थांबते. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमक्याबरोबर, इथवर ती उतरतच नाही. हे वाचलं आणि मला माझं अडीच वाजताचं डोकं दिसलं. मी चांगलं काही आठवायला नकार देत नव्हते. मला तपशील सापडत नव्हते. आणि अशा माणसाच्या हातात 'तू खूप काही पार केलं आहेस' हे आणखी एक ढोबळ वाक्य देणं म्हणजे ज्याचा चष्मा हरवलाय त्याला बारीक अक्षरातला कागद देण्यासारखं.

म्हणून आता माझ्या कागदावर तपशील असतात. तपशील म्हणजे मोठं यश नव्हे. बढती, बक्षीस हे त्या दिवशी उलटं लागतं. 'तेव्हा जमत होतं, आता बघ' म्हणून. मी लिहिते ते छोटे आणि मुद्दाम त्या अंधारातलेच प्रसंग. उदाहरणार्थ: 'मागच्या वेळी नवव्या दिवशी तू भाचीची वेणी घातलीस. मधला भांग वाकडा आला. ती आरशात बघून हसली आणि तूही हसलीस. आदल्या रात्री तू ठरवलं होतंस की तुला आता कधीच हसू येणार नाही.' याला तिला उलट उत्तर देता येत नाही. हे घडलेलं आहे.

'कधी?' याचंही उत्तर मोजूनच द्यावं लागलं. जुनी कॅलेंडरं, पाठवलेले मेसेज, न गेलेल्या बैठका, असं सगळं उलटंपालटं करून मागच्या तीन दौऱ्यांचे दिवस मोजले: अकरा, सोळा, नऊ. पहाटे साडेतीनला पहिल्यांदा जाग आली तिथपासून सलग दोन रात्री झोप लागली तिथपर्यंत. आकडा तिला पटतो, कारण आकडा गोड बोलत नाही. पण त्याला एक धार आहे आणि ती मला दुसऱ्या खर्ड्यात कापली. मी लिहून बसले होते, 'जास्तीत जास्त सोळा दिवस.' सतरावा दिवस उजाडला तेव्हा कागद खोटा पडला आणि त्याच्याबरोबर कागदावरचं सगळंच खोटं पडलं. सतराव्या दिवशीची मी त्यावरून जो निष्कर्ष काढला तो इथे लिहीत नाही. आता कागदावर आकडे आहेत, त्यापुढे 'जास्तही लागू शकतात' आहे, आणि त्याखाली एक हद्द आहे: पंधरावा दिवस लागला तर हा कागद पुरा नाही, डॉक्टरांची वेळ घ्यायची. नैराश्याचं निदान करताना डॉक्टरही दोन आठवड्यांची मुदत धरतात, म्हणून पंधरावा. त्याआधी जाऊ नये असं मुळीच नाही. पण काहीही ठरवता येत नसलेल्या बाईला ठरलेला दिवस असलेला बरा.

तिसरा खर्डा वेगळ्याच कारणानं फसला. कुठेतरी वाचून मी त्यात 'मी चांगली आहे, मी प्रेमाला पात्र आहे' अशी वाक्यं रोज दहा वेळा म्हणायला लिहिली होती. म्हटली. दहाव्या वेळेपर्यंत मी जणू स्वतःविरुद्धचा खटला लढवत होते, आणि फिर्यादीकडे पुरावे भरपूर होते. पुढे कळलं की जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. स्वतःबद्दल मुळातच वाईट मत असलेल्यांनी 'माझ्यावर प्रेम करावं अशी मी आहे' अशा अर्थाचं वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं, तेव्हा त्यांना न म्हणणाऱ्यांपेक्षा जास्तच वाईट वाटलं. ज्यांचं बरं चाललं होतं त्यांना थोडा फायदा झाला. म्हणजे छत्री ज्यांच्याकडे आहे त्यांनाच छत्री!

तर चौथा. याची सुरुवात मी दिलाशानं केली नाही, ओळख पटवण्यानं केली. पहिली ओळ अशी असली पाहिजे की वाचणारीनं म्हणावं, हो, हिला माहीत आहे. खात्रीचा प्रश्न आधी, धीराचा नंतर. म्हणून वर लक्षणं आहेत, माझी, माझ्याच शब्दांत. 'उदास वाटत असेल' असं लिहून उपयोग नाही, कारण त्या दिवशी मला उदास वाटत नाही, मला वस्तुस्थिती दिसत असते. चार्जिंगला न लावलेला फोन, तोच टॉवेल, न उघडलेलं पाकीट, हे मात्र ओळखू येतं.

अक्षर मोठं काढलं. एका ओळीत एक वाक्य. त्या दिवशी मला 'जरी-तरी' असलेलं वाक्य शेवटपर्यंत नेता येत नाही, मध्येच हातातून सुटतं. आणि कागदच, फोन नाही. फोनमध्ये लिहिलेलं शोधायला गेले की वाटेत पन्नास लोकांचं बरं चाललेलं दिसतं. शिवाय हस्ताक्षर माझं आहे. 'हिला काय माहीत' असं म्हणताना तो वळणदार 'झ' आडवा येतो.

संबोधनावर बराच विचार केला. 'मी' लिहिलं की मी लगेच वाद घालते. 'तू' लिहिलं की थोडं अंतर पडतं, आणि त्या अंतरात ऐकायला जागा होते. मात्र 'अगं' नाही, 'बाळा' तर नाहीच. त्या दिवशी लाडीगोडी अंगावर येते.

रात्री ताईला कळवायचं, असाही एक भाग कागदात आहे. तो ताईशी बोलूनच लिहिला. ती म्हणाली, "तू मेसेज टाक, मी फोन करीन. पण मी काय बोलायचं तेही लिहून दे बाई. झोपेतून उठवलंस तर पहिली दोन मिनिटं मी मूर्खासारखंच बोलणार."

"'काय झालं' असं विचारायचं नाही," मी म्हटलं.

"का गं?"

"मला माहीत नसतं. मग मी काहीतरी कारण शोधून सांगते, आणि ते सांगितलं की तेच खरं वाटायला लागतं."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि मी इतकी वर्षं तेच विचारत आले." तिच्याकडेही आता एक कागद आहे, माझ्याच अक्षरात, पाच ओळींचा. त्यातली पहिली ओळ: 'जागी आहे. बोल किंवा बोलू नकोस.'

पूर्ण कागद असा आहे.

*पाणी पी. मग वाच.*

*पहाटे साडेतीनला जाग येते आहे. टॉवेल तोच आहे. तीन जणांना उत्तर द्यायचं राहिलंय. आणि तुला वाटतंय की आता कुठे तुला खरं दिसायला लागलं.*

*मागच्या वेळीही असंच वाटलं होतं. शब्द हेच होते. ते तेव्हा मी लिहून ठेवले म्हणून मला माहीत आहेत.*

*एकदा अकरा दिवस लागले. एकदा सोळा, एकदा नऊ, एकदा सोळाच्याही पुढे. जास्तही लागू शकतात. पंधराव्या दिवशी डॉक्टर. नंबर मागे आहे.*

*नवव्या दिवशी तू भाचीची वेणी घातलीस. भांग वाकडा आला. तुम्ही दोघी हसलात.*

*आज काही पाठवू नकोस. लिहायचं असेल तर कागदावर लिही. सकाळी दहानंतर बघू.*

*राजीनामा, पैसे, कुणाला कायमचं तोडणं: आज नाही.*

*हा कागद वाचून झाला की उठून खिडकी उघड. खिडकी उघडली की तोंड धू. इतकंच.*

*अंधार असेल आणि झोप नसेल तर ताईला लिही: 'कागद काढलाय.' बाकी काही लिहायची गरज नाही.*

*जगू नये असं वाटत असेल तर वरचं सगळं सोड. ताईला आत्ता फोन कर, मेसेज नाही. ती उचलत नसेल तर मागचा दुसरा नंबर. खोलीत एकटी बसू नकोस.*

'उठून खिडकी उघड' हे बावळट वाटतं ना? मलाही लिहिताना वाटलं. पण 'फिरायला जा' लिहिलं होतं तेव्हा फिरायला जाण्यासाठी कपडे बदलावे लागत होते, आणि कपडे बदलण्यासाठी कपाट उघडावं लागत होतं, आणि मी तिथेच पडून राहत होते, वर आता फिरायलाही जमत नाही हा नवा आरोप घेऊन. पीटर गोलविट्झर यांचं 'अमुक झालं की तमुक करायचं' असं आधीच जोडून ठेवण्याबद्दलचं काम प्रसिद्ध आहे. खूण समोर आली की ठरवत बसावं लागत नाही, कारण ठरवून झालेलं असतं. माझी खूण म्हणजे कागद संपणं. तो संपला की खिडकी. खिडकीनंतर तोंड. तोंड धुतल्यावर कधी कधी मी परत झोपते, आणि कागदावर ते चालतं.

'आज काही पाठवू नकोस' या ओळीमागे एक मेसेज आहे. एका रात्री एक वाजता बरोबर काम करणाऱ्या एका व्यक्तीला मी सातशे-आठशे शब्द पाठवले. प्रत्येक शब्द मला तेव्हा प्रामाणिक वाटला होता. सकाळी तो वाचला तेव्हा त्यातलं निम्मं त्या व्यक्तीबद्दल नव्हतंच. ते नातं नंतर सावरलं, पण पूर्वीसारखं झालं नाही. लिहू नकोस असं सांगून मी थांबले नसते, म्हणून कागदावर लिहायची मुभा ठेवली आहे. असे चार-पाच न पाठवलेले कागद आहेत. एकही सकाळी दहानंतर पाठवावासा वाटलेला नाही.

शेवटच्या परिच्छेदाबद्दल थोडं. तो लिहायला मी दोन खर्डे टाळाटाळ केली. लिहिलं तर खरं होईल, असली भीती. पण आत्महत्येच्या विचारांसाठी बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी जो लेखी सुरक्षा-आराखडा तयार केला, तो माणसाला शेजारी बसवून, त्याच्याच शब्दांत लिहून घेतात. धोक्याच्या खुणा आधी, मग स्वतः करण्यासारखं, मग माणसं, मग डॉक्टर आणि तातडीचे नंबर. आणि एक गोष्ट अशी, जी कागदावर लिहून भागत नाही, बऱ्या दिवशी हातानं करून ठेवावी लागते: ज्यानं जिवाला अपाय होऊ शकतो ते हाताशी न ठेवणं. माझी झोपेची औषधं आता ताईकडे असतात, आठवड्यापुरती माझ्याकडे. हे ठरवताना आम्ही दोघी अगदी शांत होतो, कुणी रडलं नाही, तिनं डबीवर तारीख घातली आणि आम्ही दुसऱ्या विषयावर बोलायला लागलो. ज्यांचे विचार या टोकाला जातात त्यांनी हा कागद एकट्यानं लिहू नये. डॉक्टर किंवा समुपदेशक शेजारी बसून लिहिला जातो तेव्हा तो जास्त धड होतो. माझा हा भाग मीही तसाच लिहिला.

चौथा कागद दोनदा वापरला गेला आहे. पहिल्यांदा ताईला मेसेज गेला, दुसऱ्यांदा नाही. दुसऱ्यांदा बाहेर आल्यावर चौथ्या दिवशी, नेहमीप्रमाणे, मी तो नव्यानं उतरवायला घेतला. दिवसांच्या आकड्यांत आणखी एक घालायचा होता: तेरा. कागद उघडला तर त्यावर पेन्सिल फिरली होती. वेणीची ओळ तिनं खोडली नव्हती, खाली बारीक रेघ मारली होती. त्याच्या वर, पाण्याच्या ओळीत, 'पी' च्या पुढे थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, 'ग्लास वरच्या फळीवर ठेवू नकोस, हात पोचत नाही.' हे लिहिल्याचं मला काही केल्या आठवत नाही.

ग्लास खाली काढून ठेवला.